पट्ट्या मोडलेली कॅसेट

नागापूरच्या एमआयडीसीतल्या पंपाच्या कारखान्याच्या सहलीच्या बसमध्ये गाण्याच्या भेंड्या लागल्या की जयमालाला कोणी आपल्या गटात घेत नसे. स्टोअरच्या जयमालाबाईंना गाण्यातलं काही कळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तीही खिडकीबाहेर बघत बसे आणि लोकांचा समज तसाच राहू देई. खरं तर त्या बसमध्ये तिच्याइतकं गाण्याच्या घरात वाढलेलं दुसरं कोणी नव्हतं. पण चौऱ्याण्णव साली तिला गाण्यातलं इतकं काही कळलं, की त्यानंतर तिनं तो विषयच मिटवला.

तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. वडील बन्सी भिंगारला लष्कराच्या डेपोत कामगार, भाऊ सचिन कॉलेजात. आई भिमाबाई शेवगावकडची. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण गाणी रचून म्हणता येत होती. जयंतीच्या दिवशी, नाहीतर कोणाच्या घरी बुद्धवंदना झाली की बायका तिला पुढं ढकलत, आणि ही बाई डोक्यावरचा पदर सारखा करून असा आवाज लावी की रस्त्यावरचे सायकलवाले पाय टेकत.

हिशेब खात्यातला सुहास स्टोअरच्या पावत्या तपासायला यायचा. ब्राह्मणाचं घर, वडील मास्तर, घरात पुस्तकांची दोन कपाटं. दिसायला बेताचा, पण बोलायला मऊ. एकदा पावत्या चाळता चाळता जयमाला काहीतरी गुणगुणली. त्यानं मान वर करून म्हटलं, तुम्हाला गाण्याची आवड दिसते. दुसऱ्या दिवशी त्यानं जेवणाच्या सुट्टीत एक कॅसेट आणून टेबलावर ठेवली. सुरुवात एवढ्याशानं झाली.

अशा देण्याघेण्याची एक रीत असते, आणि सुहासला ती पुरती अवगत होती. पहिल्या कॅसेटमध्ये त्यानं अंगाशी येईल असं काही घातलंच नव्हतं. जुनी, सोज्वळ, कोणाच्याही घरात मोठ्यानं लावता येतील अशी गाणी. आतल्या कार्डावर बारीक अक्षरात यादी. दुसऱ्या आठवड्यातल्या कॅसेटमध्ये प्रेमाची गाणी आली, पण बी बाजूला, मध्येच कुठंतरी, दोन निसर्गाच्या गाण्यांच्या आड. म्हणजे समोरच्यानं ओळखलं तर ठीक, नाही ओळखलं तर आपण काही म्हटलंच नव्हतं. जयमाला बुद्धू नव्हती. परत देताना ती म्हणाली, बी बाजूचं तिसरं गाणं दोनदा ऐकलं. सुहास नुसता हसला. दोघांनाही जे बोलायचं होतं ते एका तिसऱ्याच माणसाच्या गळ्यानं बोलून झालं होतं, आणि धोका कोणालाच नव्हता.

"छान आहे" म्हणून भागत नाही, हेही ती शिकली. अंतरा संपल्यावर बासरी येते ती जागा, किंवा दुसऱ्या कडव्यात आवाज थोडा दबतो ती जागा, असं नेमकं सांगितलं की सुहासचा चेहरा खुलायचा. मग पुस्तकं आली. त्याच्या कवितेच्या पुस्तकांत काही ओळींखाली पेन्सिलीची फिकट रेघ असे. जयमाला आधी त्या रेघा वाचायची आणि मग कविता. एका पानावर तिनंही भीत भीत एक रेघ मारली. पुस्तक परत गेलं आणि पुढच्या वेळी त्यानं तीच ओळ सहज बोलता बोलता म्हणून दाखवली. त्या दिवशी पोरगी भिंगारपर्यंत बसमध्ये उभ्यानं गेली आणि पाय दुखले नाहीत.

एवढ्यात सुहास "तुम्ही"वरून "तू"वर आला होता. जयमाला "तुम्ही"वरच राहिली. त्यानंही कधी आग्रह केला नाही.

एकदा त्यानं कॅसेट उलटी धरून तिला एक गोष्ट दाखवली. वरच्या कडेला दोन बाजूंना प्लॅस्टिकच्या दोन चिमुकल्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की टेपरेकॉर्डरचं भरायचं बटण दबतच नाही. "जी जपायची असेल तिच्या पट्ट्या मोडायच्या," तो म्हणाला. "मग ती कोणाच्या हातून चुकून पुसली जात नाही." तिला दिलेल्या प्रत्येक कॅसेटच्या पट्ट्या त्यानं मोडलेल्या होत्या. हे ऐकून तिला झालेला आनंद मला आजही बघवत नाही.

पण एक गोष्ट तिला टोचू लागली होती. गाणी त्याची, पुस्तकं त्याची, रेघाही त्याच्याच. ती नुसती दाद देत होती. तो एकदा कौतुकानं म्हणालासुद्धा, की दोन महिन्यांत तुझी आवड किती सुधारली. म्हणजे आधी बिघडलेली होती काय? हे तिच्या ओठांवर आलं नाही, मनात मात्र राहिलं.

मग तिनं आपल्याकडचं द्यायला घेतलं. आधी एक पुस्तक दिलं, जयमालाच्याच समाजातल्या एका बाईनं लिहिलेली आपली आत्मकथा. ते वाचून ती रडली होती. सुहासनं ते आठवडाभरानं परत केलं. भाषा जरा भडक आहे पण अनुभव अस्सल आहे, असं म्हणाला. पुस्तकाला त्यानं वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं. त्याची स्वतःची पुस्तकं तर उघडीच असायची. आपल्या पुस्तकाला एवढं जपलं म्हणून जयमाला हरखली, आणि "भडक" शब्द गिळून टाकला.

आता शेवटची परीक्षा राहिली होती, आणि परीक्षा त्याची होती. तिनं मनाशी पक्कं केलं, की आईचं गाणं त्याला ऐकवायचं. ते त्याच्या कानाला गोड लागलं तर गोष्ट पुढं न्यायची, घरी बोलायचं, जे होईल ते सोसायचं. नाही लागलं तर इथंच थांबायचं.

रविवारी दुपारी सचिननं टेपरेकॉर्डर मधोमध ठेवला. जयमालानं कापड बाजारातून चांगल्यातली साठ मिनिटांची नवी कॅसेट आणली होती. भिमाबाईला सांगितलं, ऑफिसातले एक जण गाण्याचे दर्दी आहेत. ती आधी लाजली. मग म्हणाली, "त्यांला आपली बोली उमजंल का गं?" उमजेल म्हटल्यावर तिनं नवं लुगडं नेसलं. टेपमध्ये लुगडं दिसत नाही, असं सचिन म्हणाला, तर त्यालाच दटावलं. मग अख्खी एक बाजू ती गायली. मध्ये शेजारच्या कुकरची शिट्टी झाली, कोंबडी ओरडली, बाई थांबली नाही. शेवटचं गाणं जयमालावर रचलेलं होतं:

लेक निघाली शाळंला, हिच्या पायात न्हाई वहाण,
भीमा बापाच्या शब्दापायी हिनं सोडली तहान.

बाजू संपायला बोटभर टेप उरली असताना ती थांबली. दुसरी बाजू कोरीच राहिली. जयमालानं दोन्ही पट्ट्या मोडल्या. दुसरी प्रत काढायला घरात दुसरा टेप नव्हता, आणि बाजारात जाऊन काढण्याइतका धीर हिला नव्हता. होती ती एकच कॅसेट सोमवारी सुहासच्या हातात गेली.

तो दोन दिवसांनी म्हणाला, "ऐकली. छान आहे."

कोणती जागा, ते तो बोलला नाही. जयमालानं वाट बघितली. घरी भिमाबाई रोज संध्याकाळी विचारायची, काही बोलले का. लेक म्हणायची, अजून ऐकतायत, सावकाश ऐकणारे आहेत. स्वतःलाही ती हेच सांगत होती. माणसाला फसवायला दुसरं कोणी लागत नाही.

तीन आठवड्यांनी जयमालाचा वाढदिवस आला. सुहासनं रंगीत कागदात गुंडाळलेली कॅसेट दिली. या खेपेला आडपडदा नव्हता. पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रेमाचीच गाणी होती, आणि कार्डावर वर लिहिलं होतं, "फक्त तुझ्यासाठी". घरात कोणी नाहीसं बघून तिनं ती लावली. एकामागून एक ऐकत गेली. ए बाजूचं शेवटचं गाणं संपलं, थोडी खरखर झाली, आणि तिनं बटणाकडं हात नेला.

"...शब्दापायी हिनं सोडली तहान." आणि त्यापाठोपाठ आईचा नेहमीचा आवाज, "झालं का रं? बंद कर आता."

तिनं कॅसेट बाहेर काढली. कडेच्या पट्ट्या मोडलेल्या होत्या. त्या दोन्ही खाचांवर सेलोटेपचे तुकडे चिकटवलेले होते, अगदी नीट, कात्रीनं कापून. तसं केलं की बटण पुन्हा दबतं. जपायची असेल तर पट्ट्या मोडायच्या, हे ज्यानं तिला शिकवलं, त्यानंच हे केलं होतं. चुकून झालं म्हणायलाही जागा ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यानं विचारलं, कोणती जागा आवडली.

"ए बाजूला शेवटी थोडी टेप उरलीय," ती म्हणाली.

"हो ना. एखादं छोटं गाणं बसलं असतं. मिळालं नाही."

"तिथं माझी आई आहे."

सुहासला समजायला वेळ लागला. मग तो कानकोंडा झाला, पण फार नाही. म्हणाला, "अगं, त्यात आवाजच किती होते, कुकर काय, कोंबड्या काय. मी थोडी ऐकली. मला वाटलं, सरावाची असेल. टेप चांगली होती, म्हटलं तुझ्याच उपयोगी पडेल." आणि समजूत घातल्यासारखं पुढं म्हणाला, "आई काय, पुन्हा म्हणतील की."

त्याला त्यात काही वाईट केल्यासारखं वाटत नव्हतं, हेच सगळ्यात वाईट होतं. भांडायचं तरी कशाशी? माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं. त्याला जयमाला हवी होती. जयमाला जिथून आली होती ते तेवढं त्याला पुसून हवं होतं, आणि त्या जागी आपली आवड भरून. तिनं दिलेल्या पुस्तकावरच्या वर्तमानपत्राच्या कव्हरचा अर्थ तिला तिथं उभ्या उभ्या लागला. ते पुस्तक जपण्यासाठी नव्हतंच. घरात कोणाला नाव दिसू नये म्हणून ते होतं.

तिनं त्याची सगळी पुस्तकं आणि कॅसेटी दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून त्याच्या टेबलावर ठेवल्या. वाढदिवसाची तेवढी ठेवून घेतली. त्यानं कारण विचारलं. तिनं पावत्यांचा गठ्ठा त्याच्यापुढं सरकवला आणि या तपासून द्या म्हणाली.

घरी भिमाबाई भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता रोजचा प्रश्न विचारला. जयमाला आज उत्तर टाळू शकली नाही.

"ऐकलं त्यांनी. लई आवडलं म्हणाले."

"कोनतं?"

"शेवटचं."

भिमाबाईचा हात पिठात थांबला. तिचा चेहरा असा उजळला की जयमालानं भिंतीकडं बघितलं. "ते मलाबी बरं जमल्यागत वाटलं हुतं," ती म्हणाली. "दर्दी मानूस हाय. मग असं कर, त्यांला एकडाव जेवायला बोलीव. टेपात मजा न्हाई. समोर बसून म्हनते."

"त्यांची बदली झाली आई. लांब गेले."

"अरं देवा. आन ती टेप?"

"ती घेऊन गेले संगं."

भिमाबाईनं समाधानानं मान डोलावली आणि भाकरी तव्यावर टाकली. बदली झालेला सुहास पुढची चार वर्षं जयमालाच्या समोर रोज पावत्या तपासायला येत राहिला. आणि भिंगारात पाहुणा आला, की भिमाबाई त्याला चहा देता देता सांगायची, आपलं गानं लांब गेलंय, एक मोठा दर्दी मानूस ते रोज ऐकतो. जयमाला तेव्हा कपबशा उचलून आत जायची.