एका मिनिटाची ओळख

सांगलीला आमच्या कॉलेजात नोकरी मेळाव्यासाठी कारखान्यांचे साहेब आले होते. सरांनी बजावलं होतं, "एकच मिनिट मिळेल. आधी तुम्ही कोण, मग काय केलंत, शेवटी काय हवंय." मी नुसते मार्क सांगण्यातच मिनिट घालवलं. रांगेत माझ्यामागे माझ्या खोलीतला शिराळ्याचा सोबती होता. तो म्हणाला, "मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला हाय. सुट्टीत विहिरीवरचं बंद डिझेल इंजिन खोलून चालू केलं. तुमच्या दुरुस्ती खात्यात काम करायचंय, मुलाखतीला कवा येऊ?" साहेबांनी त्याला सोमवारी बोलावलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "चल गड्या, चहा घिऊ," म्हणत त्यानं खांद्यावर ठेवलेला हात मी झटकला. पुढच्या टेबलाशी, दुसऱ्या कारखान्याच्या साहेबांपुढे, मी त्याच्याच क्रमानं बोललो. मलाही बोलावणं आलं, पण त्याला बोलावलेला कारखाना मोठा होता, हे कितीतरी दिवस सलत राहिलं.