हिरवी टोकं

काली शहरातल्या सरकारी तलावावर पोहणाऱ्या पोरींचे केस कुणी सांभाळावेत, तर रुबिएलाने, यावर तिथल्या आयांचं एकमत होतं. एरवी त्या बायकांचं पाणी गरम आहे की गार यावरही एकमत होत नसे. तलावापासून बसने तीन थांब्यांवर तिचं छोटं पार्लर होतं. फाटक्या रेक्झिनची एक खुर्ची, मान मागे टाकून केस धुवायचं एक बेसिन आणि केस वाळवायचं एक यंत्र, जे अधूनमधून रुसायचं. पण शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसायची.

गंमत अशी की रुबिएला स्वतः डोंगराकडच्या गावची. पाणी गुडघ्यापर्यंत आलं तरी ती सगळ्या संतांना हाका मारायची. तिचं सारं ज्ञान धाकट्या युरानीमुळे आलेलं. युरानी नऊ वर्षांची असताना तलावावर जायला लागली. उन्हाने आधीच भुरकट झालेली तिच्या केसांची टोकं महिन्याभरात चक्क हिरवी झाली आणि वर्गातली पोरं तिला 'शेवाळी' म्हणायला लागली. रुबिएला तणतणत तलावावर गेली आणि पाण्यात औषध टाकणाऱ्या आर्सेसियोवर तुटून पडली.

"किती क्लोरीन ओततोस रे? माझ्या पोरीचं पालक करून टाकलंस!"

आर्सेसियो तेव्हाही म्हाताराच होता. तो शांतपणे म्हणाला, "बाई, क्लोरीनने केस राठ होतात, हिरवे नाही. शेवाळ मरावं म्हणून आम्ही मोरचूद टाकतो, त्यातलं तांबं केसांना धरतं. आता मोरचूद नको म्हणत असाल तर सांगा, सगळा तलावच हिरवा करून देतो."

त्या दिवसापासून रुबिएलाने हा विषय असा धरला की सोडलाच नाही. पाण्यात उतरण्याआधी डोकं साध्या पाण्याने निथळेपर्यंत भिजवायचं, म्हणजे केस आधीच पोटभर पाणी पितात आणि तलावाचं फारसं पीत नाहीत. त्यावर न धुता ठेवायचं क्रीम लावायचं, मग टोपी. बाहेर आल्याबरोबर पुन्हा साधं पाणी. पार्लरमध्ये आल्यावर व्हिटॅमिन सीची पूड पाण्यात विरघळवून डोक्यावरून सोडायची, म्हणजे उरलंसुरलं क्लोरीन मरतं. आणि आठवड्यातून एकदाच, तांबं ओढून काढणारा तो कडक शाम्पू. त्यानंतर भरपूर कंडिशनर आणि ओलसर केसांना पुन्हा ते क्रीम, टोकांकडून वर. "शाम्पू म्हणजे जुलाब आहे," ती आयांना बजावायची. "साचलेलं काढतो, पण रोज घेतलात तर पोरगी वाळेल."

युरानी आता सतरा वर्षांची झाली होती आणि रिले संघात होती. रोज संध्याकाळी ती ओल्या डोक्याने पार्लरमध्ये यायची, बेसिनवर मान टाकायची आणि रुबिएला तिचे केस धुवायची. मायलेकींच्या दिवसातला बोलण्याचा वेळ तेवढाच. घरी गेल्यावर एक टीव्हीसमोर झोपायची, दुसरी फोनसमोर. पण बेसिनवर मान टाकली की युरानीच्या तोंडाचा नळ सुटायचा. कोण कुणावर रुसली, कुणी उडी चुकवली, कुठल्या मास्तरांचं पोट सुटलंय. रुबिएलाला यातलं अर्धं कळायचं नाही, पण बोटं चालत असेपर्यंत ती ऐकायची. दिवसभरातली तिची हीच काय ती चैन होती.

ईस्टरनंतर कधीतरी युरानीच्या केसांची टोकं हिरवी व्हायची थांबली.

रुबिएलाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. केस रंगवायला आलेल्या फान्नीबाईंना तिने ती टोकं मुद्दाम उजेडात धरून दाखवली. "बघा, पोहते रोज, पण रंग बघा! नवा शाम्पू आणलाय, तांब्याचा कणही ठेवत नाही." फान्नीबाई चष्मा लावून म्हणाल्या, "आता माझ्या नवऱ्यालाही धू एकदा, कशाने तरी उजळेल."

मग केस कोरडे पडायला लागले. आधी टोकं, मग मध्यापर्यंत. विंचरताना कंगवा खरखरायचा, बोटांमध्ये तुकडे यायचे. रुबिएलाचा जीव खालीवर झाला. चार महिन्यांवर राष्ट्रीय स्पर्धा आलेली, तेव्हा सराव वाढला असणार, क्लोरीनही वाढलं असणार, असा तिने हिशेब मांडला. तिने तो कडक शाम्पू आठवड्यातून दोनदा केला, मग एक दिवसाआड, आणि शेवटी रोज. दुसऱ्यांना जे पथ्य ती बोटं नाचवून सांगायची ते स्वतःच्या लेकीच्या बाबतीत विसरली. क्रीम दुप्पट केलं, नारळाचं तेल चोळलं, तरी केस झाडूच्या काड्यांसारखे. शाम्पू पहिल्या हातालाच भसाभसा फेसायचा. खरं तर तलावातून आलेल्या डोक्यावर पहिल्या हाताला फेस धरत नाही, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण हे सगळं तिने आपल्या औषधाच्या खात्यावर जमा केलं. स्वतःच्या हुशारीपुढे माणसाला स्वतःचे हातही काही सांगू शकत नाहीत.

"आई, झालं का? जळजळतंय," युरानी म्हणायची.

"जळजळणारच. तो म्हातारा विष ओततोय पाण्यात."

एके दिवशी कंगव्यात बोटाएवढी बट तुटून आली. दुसऱ्या दिवशी दुपारी रुबिएलाने दाराला कुलूप घातलं आणि पुन्हा एकदा आर्सेसियोवर चालून गेली. सरावाची वेळ होती. कठड्याशी पोरी ओळीने उभ्या होत्या, शिट्ट्या वाजत होत्या, आया बाकावर भाजलेला मका खात होत्या.

"बाहेर ये!" तिने पंपाच्या खोलीच्या दारातून आवाज दिला. "पाणी तपासून दाखव मला, आत्ताच्या आत्ता! तुला औषध मोजता येत नसेल तर घरी बस!"

आर्सेसियोने हात पुसले. तो चिडला नाही, आणि तिथेच तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. त्याने नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, रंग तिच्यासमोर धरला. "नेहमीइतकंच आहे बघा."

"मग माझ्या पोरीचे केस का तुटतायत?"

म्हातारा इकडेतिकडे बघायला लागला. बाकावरच्या आयांचं मका खाणं थांबलं. कठड्यावरची एक पोरगी, जी दर शनिवारी रुबिएलाकडे केस धुवायला यायची, पटकन पाण्यात उतरली.

"बाई," तो आवाज खाली आणून म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. युरानी ईस्टरपासून इकडे आलेली नाही."

रुबिएलाला आठवतं ते एवढंच, की ती परत निघाली तेव्हा कुणीतरी "अगं बिचारी" म्हणालं आणि तिला त्या बाईच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. बसमध्ये तिला आधी लाज वाटली, मग राग आला. तिसऱ्या थांब्याशी तिला कळलं की गेले दोन महिने ती रोज, प्रेमाने, स्वच्छ केसांतलं नसलेलं क्लोरीन काढत होती. केसांत होतं ते केसांचं स्वतःचं तेल. तेच तिने घासून घासून काढलं. काखेत कळसा होता आणि ती गावाला वळसा घालून आली होती, वर चारचौघींसमोर.

संध्याकाळी युरानी आली, नेहमीसारखी. ओलं डोकं, खांद्यावर पिशवी, डोळ्यांभोवती पोहायच्या चष्म्याचे लाल वळ. बेसिनवर मान टाकून तिने डोळे मिटले. रुबिएलाने सवयीने कडक शाम्पूच्या बाटलीकडे हात नेला आणि मागे घेतला. तिने ओंजळभर साधं मऊ कंडिशनर घेतलं आणि टोकांना लावायला सुरुवात केली.

युरानी बोलता बोलता थांबली. "आज तो वास नाही येत."

"आज त्याची गरज नाही."

नळ वाहत राहिला. युरानीने डोळे उघडले नाहीत. "कुणी सांगितलं?"

"आर्सेसियोने. सगळ्या आयांसमोर! त्याच्या अंगावर धावून गेले होते मी, तुझ्या केसांसाठी. काय तोंड दाखवू आता तिकडे?" रुबिएलाचा आवाज चढला. "डोकं कुठे भिजवत होतीस?"

"मैत्रिणीकडे, पाओलाकडे. नळाखाली."

"आणि हे वळ?"

"बसमध्ये चष्मा घट्ट लावून ठेवते. लोक बघतात."

रुबिएलाला हसूही येईना आणि रडूही. बसमध्ये पोहायचा चष्मा लावून बसलेली आपली घोडी तिच्या डोळ्यांसमोर आली. "का सोडलंस?"

"रिलेतून काढलं. लहान पोरींच्या गटात जा म्हणाले. दोन दिवस जाऊन बघितलं. नाही जमलं."

"मग मला सांगायचं! खाल्लं असतं का मी तुला? केस तुटत होते, डोकं जळजळत होतं, तरी रोज येऊन मुकाट मान टाकायचीस? शाम्पू नको एवढं तरी म्हणायचंस!"

"शाम्पू नको म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस का नको. मग पोहणं सोडल्याचं सांगावं लागलं असतं." युरानी छताकडे बघत होती. "आणि पोहत नाही म्हटल्यावर इथे कशाला बोलावलं असतंस मला?"

"म्हणजे काय? माझी पोरगी आहेस तू."

"मार्लेनीपण आहे."

मार्लेनी म्हणजे रुबिएलाची थोरली. पाण्याची तिला आवड नव्हती. ती लग्न करून चिलीत गेली त्याला तीन वर्षं झाली होती आणि तिचे फोन हल्ली सणावारीच यायचे.

"मार्लेनीचे केस तू किती वेळा धुतलेस, आई?"

रुबिएलाची बोटं थांबली. तिने आठवून बघितलं. तिला मार्लेनी आठवली ती शाळेच्या गणवेशात, याच खोलीत, भिंतीला टेकून उभी. बेसिनवर युरानी, आणि आपण म्हणतोय, उभी काय राहिलीस, टॉवेलांच्या घड्या घाल. मार्लेनीचे केस छान होते, दाट आणि काळे. त्यांना कधी काही झालंच नाही, म्हणून त्यांना कधी हात लागला नाही. ती एक तरी वेळ शोधत राहिली. नाताळ, वाढदिवस, लग्नाची सकाळ. लग्नाच्या सकाळीसुद्धा तिने मार्लेनीला पिना लावून दिल्या होत्या. केस मार्लेनीने घरीच धुतले होते.

"एकदाही नाही," ती म्हणाली.

युरानी उठायला लागली. रुबिएलाने तिच्या कपाळावर हात ठेवून तिला परत मागे टेकवलं, कंडिशनर धुवून काढलं आणि टॉवेल गुंडाळला.

"उद्या ये," ती म्हणाली.

"मी पोहणार नाहीये, आई."

"ऐकलं मी. उद्या कोरडं डोकं घेऊन ये."