पाचशे बाणांच्या आत

माझा एक दुर्गुण आधीच सांगून टाकते. मला पसारा सहन होत नाही. बिदरमधल्या मैलूर वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत चमचेसुद्धा लहान-मोठे असे ओळीने लागलेले असतात. आई म्हणते, "हिला नवरा नको, कपाट बघा."

बिदरला स्टेशनरीच्या दुकानावरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. माणसं पाच. एका रक्ततपासणीच्या लॅबचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळायचो: तालुक्याच्या केंद्रांवर रक्त घ्यायचं, नळ्या गाडीने लॅबला यायच्या, मशीन तपासायचं, रिपोर्ट मोबाइलवर जायचा. यातलं निम्म्याहून जास्त काम माझ्याबरोबर प्रोग्रामिंग करणाऱ्या अक्कांनी केलेलं. वय पन्नाशीचं. घरी कन्नड, माझ्याशी मराठी आणि कॉम्प्युटरला शिव्या दखनीत. सकाळी त्या लिंगायतांच्या रीतीने नमस्काराला 'शरणार्थी' म्हणायच्या, मी 'जय भीम' म्हणायचे, आणि दोघी कामाला लागायचो.

मालकांनी कंपनी हैदराबादच्या लोकांना विकायची ठरवली. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं की प्रोग्रामिंगला दोघी कशाला, बघून ठरवू. आणि बघायला म्हणून आख्ख्या सिस्टीमचं एक चित्र मागितलं, त्यांच्या साइटवर, मर्मेडमध्ये. मर्मेडमध्ये हाताने रेघ मारायची नसते. कुठून कुठे जायचं ते ओळीओळीने लिहायचं, चौकटी आणि बाण ते आपोआप काढतं.

मी अक्कांना म्हटलं, "बरं झालं. तुमचं काम एकदा त्यांना दिसू द्या, मग तुम्हाला कोण हात लावतंय?"

"बघ बाई," अक्का म्हणाल्या. "पोरगी नर्सिंगला हाय. यांची कंबर गेल्यापासून माझ्याच पगारावर घर चाललंय. या वयात बिदरात मला दुसरीकडं कोण घेतंय?"

मी मनापासून कामाला लागले. अक्का सांगायच्या, मी लिहायचे. हुलसूरला दिवसा लाइट जाते म्हणून तिथली सिस्टर नोंदी संध्याकाळी एकदम भरते. कॉम्प्युटरला वाटतं, रक्त आत्ताच घेतलंय. नळी मात्र सकाळची असते आणि तोवर नळीतल्या रक्तातली साखर उतरलेली असते. म्हणून हुलसूरसाठी सिस्टरच्या वहीतली वेळ धरायची आणि रिपोर्ट आधी डॉक्टरांकडे न्यायचा. आळंदला महाराष्ट्रातल्या उमरग्याकडचे पेशंट येतात, तर रिपोर्टची भाषा गाव बघून ठरवायची. असं प्रत्येक केंद्राचं काहीतरी. अक्कांच्या असल्या वाटा मी तुटक बाणांनी दाखवल्या.

पहिलं चित्र उघडलं तेव्हा शेवयांचं ताट सांडल्यासारखं दिसलं. मग सबग्राफ केले, म्हणजे एका कामाच्या चौकटी एका मोठ्या चौकटीत: केंद्रं, गाडी, मशीन, रिपोर्ट. मग क्लास. क्लास म्हणजे एका नावाखाली रंग ठरवायचा आणि हव्या त्या चौकटींना ते नाव लावायचं. अक्कांनी बांधलेल्या चौकटींना मी हळदी रंग दिला. हैदराबादकरांच्या साइटची थीम काळी, तिथे फिक्या पिवळ्यावर अक्षरंही पांढरी उमटली. अक्षरांचा काळा रंग क्लासमध्येच लिहिला, आणि रंग बदलू देणारी अशी एकच थीम असते, तिच्यावर बाकीचे रंग बसवले. मी खूश होते.

पण हळदी चौकटी भरल्या नऊ. बारा वर्षांचं काम आणि नऊ चौकटी! कारण अक्कांचं काम चौकटींत नव्हतंच, ते बाणांत होतं, आणि चौकटीचा क्लास बाणाला लागत नाही. बाण रंगवायचा तर तो कितवा आहे तो आकडा द्यावा लागायचा. मध्ये एक बाण घातला की पुढचे सगळे आकडे सरकायचे आणि भलताच बाण पिवळा व्हायचा. दोन दिवस झगडले, चिडले आणि तो नाद सोडला.

त्यात त्यांच्या साइटने चित्र घेतलंच नाही. बाण पाचशेच्या वर चालत नव्हते. माझ्या कॉम्प्युटरवर मी ती मर्यादा वाढवली होती, पण चित्राच्या आत लिहून ती वाढत नाही, साइटवाल्यांनीच वाढवावी लागते. ते म्हणाले, बाण कमी करा.

मग मी बाण कमी करायला बसले. केंद्रांतल्या चौकटींतून रिपोर्टमधल्या चौकटींकडे जाणारे पुष्कळ बाण काढले आणि केंद्रांच्या सबग्राफपासून रिपोर्टच्या सबग्राफपर्यंत एकच जाड बाण टाकला. आणि जादू झाली. सबग्राफमधल्या एका जरी चौकटीचा बाण बाहेर गेला तर त्या सबग्राफला दिलेली आडवी दिशा मर्मेड मानत नाही. इतके दिवस अक्कांच्या तुटक बाणांमुळे माझे सबग्राफ उभेच्या उभे लोंबत होते. बाण गेले तसा एकेक सबग्राफ शहाण्यासारखा आडवा झाला. मला थांबवेना. जिथे दोनाचा एक करता आला तिथे केला. शेवटी चित्र एका पानावर मावलं. इतकं सुंदर काही मी आयुष्यात केलं नव्हतं.

अक्कांनी ते बराच वेळ पाहिलं.

"लई छान दिसायलंय," त्या म्हणाल्या. मग हुलसूरच्या चौकटीवर बोट ठेवलं. "पर हितनं डॉक्टरकडं जाणारी वाट कामून न्हाई?"

"जाड बाणात आली ना अक्का. सगळं त्यात आहे."

"व्हय का," अक्का म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या. तेव्हाच मला कळायला हवं होतं. मला फक्त चित्र दिसत होतं.

पुढच्या बैठकीत हैदराबादचे साहेब चित्रावर खूश झाले. म्हणाले, आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा सिस्टीम फार सोपी आहे, एक माणूस आरामात सांभाळेल. आणि इतकं नीटनेटकं चित्र जिने काढलं तीच ठेवा.

अक्कांनी टेबलाचा खण रिकामा केला. मी रडत माफी मागितली, तर मलाच म्हणाल्या, "रडू नको. तू जाणूनबुजून केलीस काय?" त्यांना दुसरं काम मिळालं नाही. पोरीने दुसऱ्या वर्षाला नर्सिंग सोडलं आणि आता ती कपड्याच्या दुकानात उभी राहते.

परवा हुलसूरच्या सिस्टरचा फोन आला. हैदराबादच्या लोकांनी त्यांच्याकडे सिस्टीम त्या चित्रावरूनच पुन्हा बांधली आहे. रिपोर्टात साखर खऱ्यापेक्षा कमी येतेय आणि ते थेट पेशंटच्या मोबाइलवर जातायत, मध्ये डॉक्टर नाही. मी वर कळवलं. उत्तर आलं, चित्रात तशी वाट नाही.

मग मी माझी जुनी फाइल काढली आणि अक्कांचे तुटक बाण मोजले. त्रेसष्ट. साइटला दिलेल्या चित्रातले बाण मोजले. दोनशे अठरा. मर्यादा पाचशेची होती. अक्कांचे सगळे बाण आरामात बसले असते.