तिसरी लिंक

मला दिसत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ‘बिचारी’ म्हणायची हौस असेल त्यांनी ती इथेच फेडून घ्यावी. राहते अंबरनाथला आणि नोकरी उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, कॉम्प्युटर आणि टायपिंग शिकवणाऱ्या एका खासगी संस्थेत. खाली शिलाई मशिनांची दुकानं, वर आम्ही. प्रवेशाच्या चौकशीचे फोन आणि मेल माझ्याकडे. माझ्या कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर आहे, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम. तो इतक्या भरभर बोलतो की नवख्याला वाटतं, कुणीतरी भांडतंय.

शेजारच्या टेबलावर माझी मैत्रीण बसायची. ती बदलापूरची. संस्थेच्या सगळ्या नोटिसा आणि मेल तिच्याच हातचे. दुपारचे आमचे डबे एकत्र उघडायचे. तिच्याकडचं भरलं वांगं, माझ्याकडची सुकटाची चटणी. चटणी मी पुरवून खायची, ती मात्र दोन घासांत संपवायची. ‘तुझ्याशिवाय माझं पान हलत नाही गं,’ म्हणायची, आणि मला ते खरं वाटायचं.

आमचं वाजायचं ते एकाच गोष्टीवरून. ‘येथे क्लिक करा.’

तुम्ही मेल उघडला की नजर फिरवता आणि हवं ते सापडतं. आम्ही एक की दाबून सगळ्या लिंकांची यादी मागवतो. त्या यादीत लिंकचे शब्द तेवढे ऐकू येतात, आजूबाजूचं काही नाही. हिच्या मेलमधली यादी अशी: येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा. कशासाठी करू? चहा मिळणार आहे का? बरं, ओळीओळीनं वाचावं तर मजकूर सगळा एका रंगीत चित्रात, कारण संस्थेच्या मालकांना, आमच्या सिंधी सरांना, सजावट लागते. ‘साईं, दिखनेमें अच्छा होना मांगता,’ हे त्यांचं पालुपद. चित्रातली अक्षरं माझ्या प्रोग्रामला वाचता येत नाहीत. जोडलेल्या फाईलींची नावंही तशीच: scan0047, Document1, new final. उतरवून घेतल्या की फोल्डरमध्ये नावाशिवाय दुसरी काहीच खूण नाही. एकेक उघडत बसायचं.

‘अगं, लिंकवरच लिही ना, “सुट्ट्यांची यादी, पीडीएफ”,’ मी कितींदा सांगितलं असेल. ‘फाईललाही तेच नाव दे. मला कळेल, आणि डोळेवाल्यांचंही काही वाईट होणार नाही.’

‘डोंबल तुझं! एवढा वेळ कुणाला आहे? मी आहे ना. मला विचारायचं.’

मग तीच पद्धत पडली. मेल आला की मी विचारायची, ती सांगायची: पहिली सुट्ट्यांची, दुसरी पगाराची. मी रागवायची, पण विचारायचीही. शेवटी शेवटी तर ती आपणहूनच सांगायची, आणि मला वाटायचं, किती माझी काळजी करते!

मग अंबरनाथला नवी शाखा निघाली आणि शाखाप्रमुखाची जागा निघाली. ती मला हवी होती. होय, हवी होती, त्यात लाजायचं काय? नोटीस कशी काढायची, नोट्सच्या फाईलींना नावं काय द्यायची, हे माझ्या शब्दावर ठरलं असतं. आमच्याकडे दृष्टिहीन मुलं प्रवेश घेतात आणि नोट्स धड सापडत नाहीत म्हणून निघून जातात. ‘मॅडम, जमत नाही,’ असा त्यांचा शेवटचा फोन मलाच घ्यावा लागतो. मी मैत्रिणीला हे सगळं सांगितलं होतं. ‘तूच होणार बघ,’ ती म्हणाली. आपणही अर्ज करणार आहोत, हे काही बोलली नाही.

जागेचा मेल आला. वर चित्र, खाली ‘येथे क्लिक करा’ची रांग. मी विचारलं, ‘शाखाप्रमुखाच्या अर्जाची कुठली गं?’

‘तिसरी,’ ती म्हणाली. लगेच म्हणाली, अडखळली नाही.

तिसरी उघडली. फॉर्मचं नाव नुसतं ‘अर्ज’. शिक्षण, अनुभव, फोन नंबर. मी मन लावून भरला, दोनदा ऐकला आणि पाठवला.

मुलाखतीला बोलावणं येईना म्हणून सरांकडे गेले. ते म्हणाले, ‘मॅडम, तुमचा अर्ज बदली शिक्षकांच्या यादीत आलाय. शाखाप्रमुखाचा फॉर्म वेगळा होता. आता तर तारीख निघून गेली.’

बाहेर आले तर मैत्रीण रडायलाच लागली. ‘अगं, चुकलंच माझं! इतक्या लिंका, माझाच गोंधळ झाला.’ आणि मी, मी मेलीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला! ‘जाऊ दे गं, होतं असं,’ म्हटलं. पुढं ती जागा तिलाच मिळाली. तेव्हाही मी पेढा खाल्ला. गोड लागला नाही, पण खाल्ला.

ती अंबरनाथच्या शाखेत गेली. माझ्या घराजवळ, पण एकदाही घरी आली नाही. मी तिच्या जागी आलेल्या नव्या मुलीशेजारी बसून एकटी जेवायला शिकले.

परवा तिचा मेल आला, सगळ्या कर्मचाऱ्यांना. देणगीदार पाहुणे येणार, त्यानिमित्त कार्यशाळा: दृष्टिहीनांसाठी सुलभ नोटिसा. वक्त्या स्वतः शाखाप्रमुख. मी सवयीनं लिंकांची यादी मागवली आणि खुर्चीतच ताठ झाले. ‘कार्यशाळेचं वेळापत्रक, पीडीएफ’. ‘नावनोंदणीचा अर्ज’. ‘शाखेचा नकाशा आणि रस्ता’. जोडलेल्या फाईलचं नाव: सुलभ-नोटिसा-सादरीकरण. एकही चूक नाही. सगळं मी सांगायची तसंच, माझ्याच शब्दांत. म्हणजे बाईला सगळं येत होतं!

सादरीकरण उघडलं. चित्रांचंसुद्धा वर्णन लिहिलेलं. एका पानाला मथळा: ‘आधी आणि नंतर’. ‘आधी’खाली तोच जागेचा मेल, तीच रांग, आणि कुठली लिंक कशाची ते तिनं एकेक करून लिहिलेलं. तिसरी: बदली शिक्षकांचा अर्ज. चौथी: शाखाप्रमुखाचा अर्ज. खाली एक वाक्य: ‘अशा मेलमुळे आमच्या एका दृष्टिहीन सहकारी महिलेनं चुकीचा अर्ज भरला आणि तिची संधी हुकली.’

मेलमुळे! मेलनं मला ‘तिसरी’ सांगितली होती का?

केसानं गळा कापणं म्हणतात ते मी लहानपणापासून ऐकत आले होते. कापलेल्या गळ्याचं पुन्हा प्रदर्शनही मांडतात, हे ठाऊक नव्हतं. मी ते वाक्य परत परत ऐकलं. प्रोग्रामचा आवाज दर वेळी तस्साच, ना राग ना लोभ. नवी मुलगी म्हणाली, ‘मॅडम, बरं नाही का?’ मी ‘नाही बरं’ म्हटलं. खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात फोन वाजला. तिचाच. आवाज लाडिक, जुन्या डब्याच्या वेळेचा. ‘मेल मिळाला ना गं? येशील ना? दोन शब्द बोल, पाहुण्यांना बरं वाटेल. आणि नावनोंदणीची लिंक कुठली ते सांगू का?’

‘नको,’ मी म्हटलं. ‘या खेपेला मला सगळं नीट वाचता आलं.’

खाली मशिनं चालू होती. तिनं फोन ठेवला.