नफोसतचं ‘खोप’

आमच्याकडे फोनवर समोरचा बोलत असताना गप्प बसणं उद्धटपणाचं मानतात. म्हणून माणूस दर दोन वाक्यांनी ‘खोप’ म्हणत राहतो. खोप म्हणजे बरं. ऐकलं, कळलं, पुढे बोला, एवढाच त्याचा अर्थ. पण ठरलं, मान्य आहे, असाही त्याचा अर्थ होतो, आणि घोळ नेमका तिथेच होतो. मी ताश्कंदच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये एकतीस वर्षं काढली. या एका शब्दापायी मोडलेली लग्नं माझ्या कानांनी ऐकली आहेत.

नफोसत माझ्या वरच्या मजल्यावर राहते. शहराच्या दक्षिण टोकाला, सेर्गेलीतल्या आमच्या चार मजली इमारतीत तिच्याइतकी भिडस्त बाई दुसरी नाही. वय सत्तेचाळीस. लग्न झालं होतं, दोन वर्षांत मोडलं, त्याबद्दल ती बोलत नाही आणि मीही विचारत नाही. शिवणकामाच्या कारखान्यात माल तपासायची. शर्टाची शिवण दोन बोटांत धरून ताणली की कुठला टाका पुढच्या धुण्यात उसवणार हे तिला कळायचं. तो कारखाना वसंतात बंद पडला आणि बाई घरी बसली.

घरात ती आणि तिचे वडील, एर्गाश आका. साखरेच्या आजाराने म्हाताऱ्याचे डोळे गेले होते. सकाळी साडेसातला आणि संध्याकाळी सातला इंजेक्शन, आणि त्यानंतर लगेच जेवण. लेक कारखान्यात असताना दुपारी मी वर जाऊन त्यांना सूप द्यायची, चहाची पियाली हातात ठेवायची. इंजेक्शन मात्र माझ्याच्याने होत नाही, माझे हात थरथरतात. शिवाय म्हातारा हट्टी. सुई लेकीच्याच हातची हवी. नर्स ठेवून पाहिली, तिला त्यांनी अर्ध्या तासात घालवून दिलं. सहा वाजले की दाराशी स्टूल टाकून बसायचे आणि जिन्यावरच्या पावलांवरून माणूस ओळखायचे. माझं पाऊल ऐकलं की म्हणायचे, “तू नव्हेस.” मला राग यायचा, पण त्यांचंही चूक नव्हतं.

नोकरी जुळवून देणाऱ्या एका कचेरीत नफोसतने नाव घातलं होतं. सप्टेंबरात तिथल्या शोहिस्ता नावाच्या मुलीचा फोन आला. मी तेव्हा नफोसतच्याच स्वयंपाकघरात गाजरं चिरत होते. ती मुलगी फोनवर भरभर सांगत होती. किब्राईच्या पलीकडे नवा कारखाना, माल तपासणाऱ्यांची प्रमुख म्हणून जागा, पगार जुन्यापेक्षा दीडपट, साडेआठ ते साडेपाच. आणि नफोसत म्हणत होती, खोप. खोप. खोप, बरं झालं, खोप.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, “हो म्हणालीस?”

“नाही ओपा, मी नुसतं ऐकून घेतलं.”

वयाने मोठ्या बाईला आमच्याकडे ओपाच म्हणतात. मी तिला म्हटलं, “तू ऐकून घेतलंस, तिने लिहून घेतलं असेल.”

तसंच झालं. तासाभरात संदेश आला: गुरुवारी दहा वाजता कारखान्यात मुलाखत, तुम्ही होकार दिल्याचं मी त्यांना कळवलं आहे.

दुसरी कोणी असती तर नकाशा पाहून मोकळी झाली असती. ही बाई सोमवारी पहाटे खरंच निघाली, रस्ता किती लागतो ते पाहायला. मेट्रोपर्यंत बस, मग मेट्रोने शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, तिथून छोटी गाडी, आणि शेवटी मक्याच्या शेताच्या कडेने वीस मिनिटं पायी. सहा वीसला दार ओढलं तेव्हा साडेआठला दोन मिनिटं कमी असताना ती फाटकाशी पोचली. परतीचा हिशेबही तिने तिथेच उभं राहून केला. साडेपाचला सुटली तर घरी पावणेआठ, आणि गर्दी असली तर आठ.

“म्हणजे सकाळची सुई साडेसातला कोण देणार? आणि संध्याकाळची तासभर उशिरा,” ती म्हणाली. “एक दिवस चालेल ओपा. रोज नाही चालणार.”

“मग सांग तिला.”

“काय सांगू? हो म्हणून बसले आहे ना मी.”

तिची जीभ नकार द्यायला रेटतच नाही. भीड ही भिकेची बहीण, हे मी तिला शंभरदा ऐकवलंय. आणि सल्ला काय दिला मी? जो सगळे देतात तोच. फोन उचलू नकोस. दोन दिवस वाजेल, मग ती दुसरीला शोधेल. आमच्याकडे निम्मी माणसं नोकरीला अशीच नकार देतात.

मंगळवारी फोन तीनदा वाजला. नफोसतने तो उशीखाली घातला. म्हातारा विचारत होता, कोणाचा आहे, का उचलत नाहीस? ती म्हणाली, चुकीचा नंबर. तिला खोटं बोलायची सवय नाही. संध्याकाळी खाली येऊन माझ्याकडे रडली. “ओपा, त्या पोरीने माझ्यासाठी शब्द टाकलाय. गुरुवारी मी गेले नाही तर तिचीही पत जाईल, माझीही. पुन्हा कधी बोलावणार नाही ती मला. या वयात मला बोलावणारं दुसरं आहे कोण?”

तेव्हा मला माझ्या सल्ल्याची लाज वाटली. सहा महिन्यांत तिला आलेला तो पहिला फोन होता. दार लावायचं होतं, पण कडी घालायची नव्हती, आणि ते तिला येत नव्हतं. मलाही येत नव्हतं.

बुधवारी सकाळी आम्ही दोघींनी मिळून मजकूर लिहिला. पहिल्या खेपेला तिने चार ओळी नुसती माफीच मागितली. मी ती खोडायला लावली. दुसऱ्या खेपेला वडिलांच्या आजाराची सगळी कथा लिहिली. तीही काढली, कारण त्या पोरीला दुखणं नको होतं, वेळा हव्या होत्या. शेवटी गेलं ते असं:

“शोहिस्ताखॉन, काल फोन उचलला नाही, चूक झाली. त्या दिवशी फोनवर मी खोप म्हणाले ते ऐकते आहे या अर्थाने, ते स्पष्ट करायला हवं होतं. काम मला आवडलं, पगाराची अडचण नाही. अडचण अंतराची आहे. मी सोमवारी जाऊन पाहिलं, एका बाजूला दोन तासांहून जास्त लागतात. घरच्या जबाबदारीमुळे मी पावणेआठच्या आत निघू शकत नाही आणि सातच्या आत परत यावं लागतं. म्हणून किब्राईची जागा मला जमणार नाही. कारखान्याला आजच कळवावं, म्हणजे उद्याची वेळ त्यांना दुसऱ्या कोणाला देता येईल. सेर्गेली, चिलांझार, याक्कासराय, किंवा घरापासून पाऊण तासाच्या आत कुठेही असंच काम निघालं तर मला जरूर विचारा.”

पाठवलं आणि तिने फोन पालथा घातला. पाच मिनिटांत तो वाजला. या वेळी तिने उचलला, आणि मी कान लावून बसले. जुनी सवय, जात नाही.

“ओपा, कंपनीची बस असती तर?” शोहिस्ताने विचारलं. आवाज त्रासलेला होता, पण रागावलेला नव्हता. “शेवटच्या मेट्रो स्टेशनापासून नेते.”

“वीस मिनिटं वाचतील,” नफोसत म्हणाली. “मला तास हवाय.”

“आणि पगार वाढवून मागितला तर?”

“पगाराने रस्ता आखूड होत नाही, मुली.”

तिकडे ती मुलगी हसली. म्हणाली, “खरं सांगू? लोक गायबच होतात. मग मी कारखान्याची बोलणी खाते आणि त्या माणसाचं नाव यादीतून काढते. तुम्ही कारण सांगितलंत, आकडे सांगितलेत. मी ‘नकार’ असं लिहीत नाही, ‘जागा लांब’ असं लिहिते. नाव राहील. फक्त दक्षिणेकडचं निघालं की फोन करीन.”

“खोप,” नफोसत म्हणाली, आणि घाईघाईने पुढे जोडलं, “म्हणजे हो. हे मान्य आहे.”

त्या दिवशी तिने माझ्यासाठी खास भोपळ्याचं सारण भरलेल्या मंत्या उकडल्या. म्हातारा आठ खाऊन वर म्हणाला, मीठ कमी आहे. बाई नोकरीशिवाय होती, पण तो महिनाभर तिचा चेहरा मी मोकळा पाहिला.

शोहिस्ता शब्दाची पक्की निघाली. नोव्हेंबरात याक्कासरायची एक जागा निघाली, मुलाखत झाली, त्यांनी तरुण मुलगी घेतली. डिसेंबरात आणखी एक निघाली, ती मालकाच्या पुतणीला गेली. नफोसत घरी कपडे दुरुस्त करून दिवस ढकलत होती.

जानेवारीच्या थंडीत एर्गाश आका गेले. सकाळची सुई झाली, चहा झाला, आणि दुपारी मी सूप घेऊन वर गेले तर ते भिंतीकडे तोंड करून निजलेले. नफोसत बाजारात गेली होती. तिला मी जिन्यातच गाठलं. माझ्या एक्सचेंजच्या नोकरीत मी हजारो वाईट बातम्या जोडून दिल्या, पण स्वतःच्या तोंडाने सांगायची वेळ त्या दिवशी आली.

चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं. पाहुणे गेले, उसनी आणलेली पातेली गेली. वर आता आवाजच नसायचा. पूर्वी म्हाताऱ्याचा रेडिओ, त्याचं खोकणं, तिचं ‘आले, आले’ हे सगळं माझ्या छतातून ऐकू यायचं. मी त्यावर कुरकुरायची. आता त्या शांततेने मला झोप येईना. मी वर जाऊन बसायची, ती चहा करायची, आम्ही बोलायचो, पण सातच्या सुमाराला ती उठून उभी राहायची आणि मग कशाला उठलो ते न कळून परत बसायची.

मार्चमध्ये शोहिस्ताचा फोन आला. आवाजात इतका आनंद की मला लांबूनही ऐकू येत होता. “नफोसत ओपा, तुमच्यासाठीच जणू बनवलेली जागा. चिलांझारला. घरापासून पस्तीस मिनिटं. साडेआठला सुरू, पाचला सुट्टी. सहाच्या आत तुम्ही घरी. तुम्ही सांगितलेली एकूण एक अट बसते. आणि त्यांना तुमचा अनुभवच हवाय.”

नफोसत नुसतं ऐकत होती. खोपसुद्धा म्हणाली नाही. तिकडून दोनदा ‘ओपा, ऐकताय ना?’ आलं.

मग तिने विचारलं, “किब्राईची जागा भरली का गं?”

“ती? त्यांना दुसऱ्या पाळीला बाई हवी आहे अजून. पण ती लांब होती ना? तुम्हीच आकडे दिले होते. घर बदललंत का?”

“नाही. घर तेच आहे.”

“मग?”

“त्या अटी काढून टाक, मुली. पावणेआठ, सात, दोन्ही काढ. तिकडचंच बोल माझ्यासाठी.”

शोहिस्ताला काय कळलं कोण जाणे. तिने काही विचारलं नाही, फक्त हळू आवाजात ‘खोप’ म्हणाली.

मी मात्र गप्प बसले नाही. माझा स्वभावच तसा. फोन ठेवल्याबरोबर तिच्यावर तुटून पडले. “वेडी झालीस का? हातातोंडाशी आलेला घास टाकतेस? रोज चार तास गाडीत घालवणार? सहाला घरी येता येत होतं तुला.”

ती पियाल्या विसळत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, “सहाला घरी येऊन करू काय, ओपा?”