करपलेली पंजिरी

आमच्या मिरजगावात, निदान आमच्या आळीत तरी, कुणाच्या घरी बाळंतीण असली की लाडवांची कणीक भाजायला मला बोलावणं यायचं. कढईपाशी पाट टाकून बायका मला बसवायच्या आणि मी ‘उतरव’ म्हटलं की उतरवायच्या. कुणी म्हटलं, अजून जरा होऊ द्या, तर मी असं बघायचे की ती बाई पुन्हा तोंड उघडायची नाही. माझा स्वभाव काही गरीब नाही. नाकावर माशी बसू देत नाही, असं आमचे मालकच चारचौघांत सांगतात आणि मला ते आवडतं.

तर अशा बाईचं नाक गेलं. मागच्या थंडीत ताप आला, सर्दी झाली, ती बरी झाली आणि वास काही परत आला नाही. एक दिवस फोडणीत हिंग टाकला आणि काहीच आलं नाही. मला वाटलं, हिंग भेसळीचा. दुकानदाराला जाऊन चांगलं झापून आले. नवी डबी आणली, तिचाही तोच प्रकार. मग अगरबत्ती पेटवून पाहिली, रॉकेलच्या बाटलीचं बूच काढून पाहिलं. बूच हातात धरून मी न्हाणीत उभी राहिले तेव्हा कळलं, खोट हिंगात नव्हती.

घरात कुणाला सांगितलं नाही. कान दुखतोय म्हणून नगरला गेले आणि डॉक्टरला आत गेल्यावर खरं सांगितलं. त्यांनी थेंब दिले, म्हणाले येईल कदाचित, कदाचित नाही येणार. लोक म्हणतील, त्यात लाजायचं काय, आंधळी-पांगळी तर नाही झालीस? पण मला लाज वाटली. इतकी वाटली की नवऱ्यालाही बोलले नाही. कणीक भाजायचं बोलावणं आलं की खांदा धरलाय म्हणायचे. घरातला स्वयंपाक निभवायचे. फोडणी कानाने कळते, दूध चाखून कळतं, भाकरी डोळ्याने कळते. भाजलेली कणीक मात्र डोळ्याने अर्धीच कळते.

आणि वर्ष फिरून पुन्हा थंडी आली, त्या मार्गशीर्षात सून बाळंत झाली.

मुलगा लष्करात आहे. सून पंजाबची, त्याच्या सोबत्याची बहीण. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण दिवस भरत आल्यावर डॉक्टरांनी प्रवासाला नको म्हटलं आणि तिच्या आईचा पाय मोडलेला, तिला इकडे येता येईना. मुलगा सुट्टी काढून आला. नातू झाला. सगळं छान झालं, फक्त पोरगी जेवेना. जाऊबाईंनी डिंकाचे लाडू करून दिले होते (माझा खांदा!), ते ती कुरतडायची आणि बशी सरकवायची. दूध पुरेसं उतरत नव्हतं, पोर रडायचं, मग तीही रडायची. शेवटी तिनं नवऱ्याला सांगितलं, पंजिरी पाहिजे, कणीक तुपात भाजून करतात ती. तिकडे बाळंतिणीला आई नाहीतर सासू आपल्या हाताने करून घालते म्हणे.

मी काय बोलले? म्हटलं, भुकटी ती, लाडू वळायचा कंटाळा आलेल्या बायकांनी काढलेली. सगळ्यांसमोर बोलले. खरं तर मला भीती वाटली होती. पण विहीणबाईंचा फोन आला, त्या हिंदीत अगदी अजिजीने म्हणाल्या की तुमच्या हाताची तारीफ ऐकली आहे. झालं, मी चढले. म्हटलं, बघाच तुम्ही, तुमच्या लेकीला माहेर विसरायला लावते.

गिरणीतून आमच्याच रानातले गहू जरा जाडसर दळून आणले. संध्याकाळी कढई ठेवली. तुपात आधी डिंक तळला, थोडा थोडा, आच बेताची ठेवून, कारण तूप जास्त तापलं तर डिंक वरून लाल होतो आणि आत कच्चा राहून दाताला चिकटतो. तो छान फुलला. बदाम, काजू, अक्रोड, मखाणे परतून बाजूला काढले. इथपर्यंत डोळा आणि कान पुरले. मग उरलेल्या तुपात कणीक घातली.

कणीक आधी तूप पिऊन गच्च होते, हाताला जड लागते. मग हळूहळू सैल पडते, तूप कडेने सुटायला लागतं आणि उलथनं हलकं फिरतं. लाडवाला मी ती बदामी झाली की उतरवते. विहीणबाईंनी बजावलं होतं, पंजिरीला त्याच्या पुढे न्यायची, चांगली तांबूस करायची. आता बदामी आणि तांबूस यांच्या मधलं अंतर जे आहे, तिथे कढई काळी, बल्ब पिवळा आणि लोखंडाचं बूड तापलेलं. तिथे नाकच लागतं. कच्च्या पिठाचा वास जाऊन भाजत्या पोळीचा येतो आणि मग एकदम खमंग सुटतो, ओसरीवरचा माणूस आत डोकावतो असा. त्यानंतर थांबलं की गेलं.

मी ढवळत राहिले आणि वासाची वाट बघत राहिले. मला ठाऊक होतं की येणार नाही. तरी इतक्या वर्षांची सवय, हात चालतो आणि अंग वाट बघतं.

मुलगा बाहेरच्या खोलीतून धावत आला. कढईपाशी मी उभी, हातात उलथनं, आणि तो दारातून ओरडला की करपतंय. मी गॅस बंद केला. परातीत ओतलं तेव्हा खालून काळे कण आले.

त्यानं माझ्याकडे बघितलं. “आई, तुला करायची नव्हती तर तसं म्हणायचं हुतं. भुकटी म्हनलीस तवाच कळायला पायजे हुतं मला.”

मालकांनी परातीकडे बघितलं आणि पाठ फिरवली, म्हणजे त्यांनाही तसंच वाटलं. आणि मी? मी खाली मान घालून कढई घासायला घेतली. खरं सांगते, ते ऐकून मला क्षणभर बरंच वाटलं. खोडसाळ सासू म्हणून घेणं सोपं होतं. खाष्ट बाईला गाव भिऊन असतं. जिला करपलेलं कळत नाही, तिची कीव करतात. सुनेनं त्यातलं चमचाभर तोंडात टाकलं, चालेल म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तेव्हा मात्र मला जमीन दुभंगावी असं झालं. तिला वाटलं असणार, परक्या मुलखातली म्हणून मी तिची हौस जाळली.

सकाळी उठून न्हाणीतून आले तर स्वयंपाकघरात खुडबूड. सून ओट्यापाशी उभी, कानाला रुमाल बांधलेला, कमरेला हात टेकलेला, दुसऱ्या हाताने कढई गॅसवर चढवत होती. बाळंतीण, अजून नीट उभं राहता येत नव्हतं तिला. मी कढई तिच्या हातातून ओढली.

“मम्मी, मी करते,” ती म्हणाली. “तुम्ही त्रास नका घेऊ.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडायला मला वेळ लागत नाही. ती नुसती दमलेली होती. माझ्याकडून काही मिळायचं नाही हे तिनं धरून चाललेलं होतं. कढई ओट्यावर ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून बोलले, कारण तोंडाकडे बघून जमलं नसतं.

“मला वास येत न्हाई. वरीस झालं. मुद्दाम न्हाई जाळलं गं मी.”

मला वाटलं, मराठी कळलं नसेल. पुन्हा सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. मग स्टूल ओढल्याचा आवाज झाला. तिनं ते दारात ठेवलं, आतून बाळाला आणलं आणि मांडीवर घेऊन बसली.

“तुम्ही ढवळा,” म्हणाली. “मी सांगते.”

खिडकीतून ऊन येत होतं. मी सगळं पहिल्यापासून केलं. कणीक घातली आणि मंद आचेवर हात फिरवत राहिले. ती मधून मधून सांगायची. कच्चा आहे. अजून कच्चा. आता रोटीसारखा. माझे कान लाजेने तापले होते, शिकाऊ पोरीसारखं मला कुणी सांगतंय म्हणून. पण मी ऐकत होते. तूप कडेला सुटलं, उलथनं हलकं झालं. मग ती घाईने म्हणाली, आता, मम्मी, आता. मला रंग अजून एक छटा कमी वाटत होता. ओठावर आलेलं गिळलं आणि कढई लगेच परातीत उपडी केली, कारण लोखंडात राहिलं तर गॅस बंद करूनही भाजत राहतं. परातीत पसरल्यावर ऊन पडलं आणि तांबूस रंग माझ्याही डोळ्यांना दिसला. बरोबर होती पोरगी.

कोमट झाल्यावर चुरलेला डिंक, सुकामेवा, सुंठ, ओवा घातला, आणि साखर अगदी शेवटी, नाहीतर गरम कणकेत ती विरघळून गोळे होतात. वाटीभर तिच्या हातात दिली. तिनं खाल्ली. पुन्हा वाटी पुढे केली. मी चिमूटभर तोंडात टाकली तर मला गोड कळलं, आणि डिंक दाताखाली कुरकुरला तेवढा कळला.

“वास कसा येतोय?” मी विचारलं.

“आईच्या घरासारखा,” ती म्हणाली आणि डोळे पुसून पुन्हा खायला लागली.

मी भांडी आवरायला घेतली. मुलाला तीच सांगेल, मालकांना तो सांगेल, आळीला जाऊबाई सांगतील. सांगू देत. पण आता एवढी लाज निघालीच होती, तर तळाशी राहिलेलं एक विचारून टाकावं असं वाटलं. घरी येणारी प्रत्येक बाई नातवाला उचलून नाकाशी धरायची, काय गोड वास येतोय म्हणायची, आणि मी त्यांच्यासारखंच त्याला नाकाशी धरून व्हय व्हय म्हणत आले होते. हात पुसले. तिच्यापुढे खाली बसले.

“आन ह्याला कसा वास येतो गं?”

खाली वाकून तिनं बाळाच्या टाळूवर नाक टेकवलं, डोळे मिटले. दुधाचा, म्हणाली. आणि अडली. पुढचा शब्द तिला मराठीत सापडेना. मी म्हटलं, तुझ्या बोलीत सांग. ती सांगत राहिली, मधेच पुन्हा हुंगायची आणि पुन्हा सांगायची. मला त्यातलं निम्मंही कळलं नाही. पण मी मधे एक शब्द बोलले नाही.