अभ्रकाची जाडी शून्य

बीएस्सीच्या शेवटच्या प्रात्यक्षिक परीक्षेत, कल्याणच्या कॉलेजात, सकाळी साडेअकरा वाजता माझ्या वहीत अभ्रकाच्या पापुद्र्याची जाडी शून्य आली. दोन बारीक फटींपैकी एकीवर पापुद्रा ठेवला की प्रकाशाचे पट्टे सरकतात. किती सरकले, त्यावरून जाडी काढतात. माझे पट्टे जागच्या जागी दिसत होते. नापास झाले तर वर्ष जाणार होतं.

बाहेरून आलेले परीक्षक वहीत डोकावले.

"अगं, हे अभ्रक आहे की हवा?"

त्यांनी माझ्या पिवळ्या सोडियम दिव्याकडे बोट दाखवलं.

"यातला मधला पट्टा कुठला, दाखव."

दाखवता येईना. सगळे पट्टे सारखेच होते. ते बरोबर पाच जागा सरकले असते, तरी मला हलल्यासारखे दिसले नसते.

"सर, पांढरा दिवा लावू?" मी विचारलं.

"मग वाट कसली बघतेस?"

पांढऱ्या दिव्यात मधला पट्टा तेवढा पांढरा असतो, शेजारचे रंगीत. तो झाकलेल्या फटीकडे सोडियमच्या पाच पट्ट्यांइतका सरकला होता. पाच गुणिले सोडियमची तरंगलांबी, भागिले अभ्रकाचा अपवर्तनांक वजा एक. जाडी सुमारे पाच मायक्रॉन आली. परीक्षकांनी शून्य खोडलं नाही. नव्या आकड्याखाली सही केली.

निकालात मी पास होते.